पाच मिनिटांचं पत्र

आमच्या सरांनी मला आयुष्यात जितकी पत्रं लिहिली, त्या सगळ्यांच्या वर एक छोटासा क्रूस असे आणि त्याच्या खाली ‘चि.’ असे. चिरंजीव. पुढे माझं नाव, मग ‘अनेक आशीर्वाद’. पत्राच्या शेवटी स्वतःचं नाव न लिहिता फक्त ‘सर’.

ते उमेळ्याचे. ख्रिस्ती घर, केळीची आणि पानवेलींची वाडी, वडील शेतकरी. वसईतल्या आमच्या मराठी शाळेत ते मराठी शिकवत, पुढे तिथेच मुख्याध्यापक झाले. नववीत त्यांनी आम्हाला पत्रलेखन शिकवलं ते परीक्षेच्या चार मार्कांसाठी नव्हे, हे आम्हाला पहिल्याच तासाला कळलं. फळ्यावर त्यांनी एक शिडी काढली. सर्वांत वर तीर्थरूप, म्हणजे आईवडील. त्याच्या खालोखाल तीर्थस्वरूप, म्हणजे आईवडिलांसारखे. मग माननीय, म्हणजे ज्यांच्या खुर्चीला मान द्यायचा ते. मग बरोबरीचे, त्यांना सप्रेम नमस्कार, स.न.वि.वि. आणि सगळ्यांत खाली आपल्यापेक्षा लहान, त्यांना चि. आणि आशीर्वाद. “पत्र लिहायला बसलात की आधी ठरवा, तुम्ही या माणसाचे कोण,” ते म्हणाले. “ते ठरलं की निम्मं पत्र लिहून झालं.” हिंदू मुलांनी वर ‘श्री’ लिहावं, ख्रिस्ती मुलांनी क्रूस काढावा, ज्याला काही नको त्याने कागद कोरा ठेवावा, असंही सांगितलं.

आम्ही गोखिवऱ्याला राहायचो. वडील मूळचे रत्नागिरीकडचे, एका कारखान्यात टाइमकीपर. दहावीनंतर मला टायपिंगला घालून लगेच कुठेतरी चिकटवायची असं त्यांच्या मनात होतं. सर सायकलवरून उमेळ्याहून गोखिवऱ्याला आले, आमच्या पुढच्या खोलीत पाऊण तास बसले, आणि मी कॉलेजला गेले. एवढ्यावरून पुढचं सगळं समजून घ्यावं. मी बी.कॉम. झाले, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि दोन हजार सालाच्या आसपास अंधेरीच्या एका परदेशी कंपनीत लागले. प्रत्येक परीक्षेनंतर सरांना मी पत्र लिहिलं, ‘तीर्थस्वरूप सर यांस, शिरसाष्टांग नमस्कार’ अशी सुरुवात करून. प्रत्येक पत्राला आठवड्याच्या आत उत्तर आलं. चि.

कंपनीत पहिल्याच महिन्यात माझी शोभा झाली. मला दोन दिवसांची रजा हवी होती. मी साहेबांना ई-मेल लिहिला, ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट’, आणि शेवटी ‘युअर्स ओबीडियन्टली’. मला वाटलं होतं, मराठीत शिकले तेच इंग्रजीत उतरवायचं. दुपारी चहाच्या मशीनपाशी गेले तर माझ्या मेलचा प्रिंट भिंतीवर पिनेने टोचलेला, आणि ‘बेग’खाली लाल रेघ. चारपाच जण हसत उभे होते. मीसुद्धा हसले. हसल्याशिवाय इलाज नव्हता. साहेब वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून प्रेमाने सांगितलं, की इथे सर नाही, मॅडम नाही, मला नावाने लिही. दोन ओळी लिही, काय हवंय ते लिही, कधीपर्यंत हवंय ते लिही, खाली रिगार्ड्‌स.

हे मी इतक्या जोरात शिकले की विचारू नका. सहा महिन्यांत मी नव्या मुलांच्या मेलमधले ‘रिस्पेक्टेड’ हुडकून काढून त्यांना शिकवू लागले. आतल्या माणसाला हाय आणि नाव. बाहेरच्याला डिअर मिस्टर आणि आडनाव. विनंती करायची ती ‘काइंडली’ लावून, पण तारखेसकट. मला ते फार आवडायचं, खरं सांगते. इंग्रजीत समोरचा कोणीही असो, ‘यू’. तू म्हणू की तुम्ही की आपण, ही रोजची कसरतच नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘प्लीज सेंड बाय टुडे’ असं लिहिताना पहिल्यांदा हात थांबला होता, नंतर थांबेना. मला वाटायचं, मी मोठी झाले.

त्याच सुमारास शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची तयारी सुरू झाली. माजी विद्यार्थ्यांची समिती झाली आणि मला सचिव केलं. का, तर मला इंग्रजी येतं आणि माझ्याकडे ई-मेल आहे. रविवारी चित्रकलेच्या वर्गात बैठका होत. अध्यक्ष आमच्याच शाळेचे, आता मोठे डॉक्टर. समितीत आणखी एक वकील होते, एक बँकेतले अधिकारी होते, आणि मी त्या सगळ्यांत वयाने लहान. आमच्या बैठकांचे वृत्तांत मी मेलवर पाठवू लागले तेव्हा डॉक्टरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “व्हेरी प्रोफेशनल.” त्या दोन शब्दांवर मी पुढचे दोन महिने जगले.

पाच माजी मुख्याध्यापकांना व्यासपीठावर बोलवायचं ठरलं. सगळे बोलत बसले तर जेवणं थंड होतील, म्हणून प्रत्येकाला पाच मिनिटं. बँकेतले अधिकारी म्हणाले, “आपण दोघातिघांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन आमंत्रण द्यायला पाहिजे. वेळेचं तिथे तोंडी सांगता येईल, हळूच.” हीच आपल्याकडची रीत आहे. शिक्षकाला घरी जाऊन, दोन्ही हातांनी पत्रिका द्यायची, वाकायचं, चहा घ्यायचा, आणि निघताना चपला घालता घालता अवघड गोष्ट सांगायची. चौघांकडे जायचं ठरलं. आमच्या सरांची पाळी आली तेव्हा मीच म्हणाले, “सरांकडे नको जायला. सरांना मेल आहे आता. मी पाठवते.”

त्यांना मेल होता हे मला ठाऊक होतं, कारण त्यांनीच कळवलं होतं. त्यांचा मुलगा कुवेतला. तो सुट्टीत आला तेव्हा घरी कॉम्प्युटर ठेवून गेला आणि वडिलांना पत्ता काढून दिला. सरांनी मला पोस्टकार्ड टाकलं होतं: ‘चि., अनेक आशीर्वाद. आता मलाही ई-मेल आला आहे. पत्ता खाली देत आहे. तू लिहीत जा, म्हणजे मला शिकता येईल.’ ते कार्ड दीड महिना माझ्या पर्समध्ये होतं. मी लिहिलं नव्हतं. एकदा मराठीत लिहून पाहिलं होतं. तेव्हा मराठी अक्षरं एका मशीनवरून दुसऱ्यावर धड पोचत नसत. ऑफिसातल्या मैत्रिणीला पाठवून बघितलं तर तिला नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसली. तीर्थस्वरूपचे सगळे चौकोन. मग राहिलंच.

शेवटी तो मेल मी ऑफिसात बसून, जेवणाच्या सुट्टीत लिहिला. आधी ‘डिअर सर’ टाइप केलं. ते बँकेच्या नोटिशीसारखं दिसलं. ‘रिस्पेक्टेड सर’ टाइप केलं आणि चहाच्या मशीनपाशी पाहिलेली लाल रेघ आठवली. खोडलं. खरं म्हणजे दोन्हींपैकी कुठलंही चाललं असतं. वाचणारा माणूस एकच होता आणि तो हसणारा नव्हता. पण प्रत समितीतल्या सगळ्यांना जाणार होती. डॉक्टर वाचणार, वकील वाचणार. मला त्यांच्यासमोर शाळकरी दिसायचं नव्हतं. म्हणून मी लिहिलं, ‘डिअर मिस्टर’, आणि पुढे सरांचं आडनाव. ‘वुई आर प्लीज्ड टु इन्व्हाइट यू. यू हॅव बीन अलॉटेड फाइव्ह मिनिट्स. काइंडली स्टिक टु द टाइम. प्लीज कन्फर्म बाय फ्रायडे. रिगार्ड्‌स.’ खाली माझं पूर्ण नाव, आणि त्याखाली ‘सेक्रेटरी’.

पाठवून मी डबा खाल्ला. काही वाटलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे अनेकदा मी स्वतःला सांगायला बघितलं, की तेव्हाही कुठेतरी टोचलं होतं. नव्हतं टोचलं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर पोस्टकार्ड आलेलं. आईने ते आधीच वाचलं होतं. “कुठल्या तरी ऑफिसरचं आहे गं तुला,” ती म्हणाली. वडिलांनी ते तिच्या हातातून घेतलं, चष्मा लावला. “हे सरांचं अक्षर आहे,” ते म्हणाले.

मी वाचलं. ‘मा. सचिव, सुवर्णमहोत्सव समिती यांस, स.न.वि.वि. आपले पत्र संगणकावर मिळाले. ठरवून दिलेल्या पाच मिनिटांत बोलणे मला मान्य आहे. आपल्या सूचनेनुसार शुक्रवारपूर्वी कळवीत आहे. ई-मेलने उत्तर देणे अद्याप जमत नाही, क्षमस्व. कळावे, आपला नम्र,’ आणि खाली त्यांचं नाव. नाव आणि आडनाव. वर क्रूस नव्हता.

एका शब्दाने रागावले नव्हते. शिडीच्या ज्या पायरीवर मी जाऊन उभी राहिले होते, त्या पायरीला जे लिहायचं तेच त्यांनी मला लिहिलं होतं, काना-मात्रेची चूक न करता. मी त्या कार्डावर चि. शोधत होते, मूर्खासारखी, पाठीमागेसुद्धा उलटून बघितलं.

“तुला ‘आपले’ का लिहिलंय त्यांनी?” वडिलांनी विचारलं.

“ऑफिशियल आहे ते.”

“तू काय लिहिलं होतंस?”

मी सांगितलं. वडिलांना इंग्रजी जेमतेम, पण ‘मिस्टर’ त्यांना कळलं. कार्ड त्यांनी घडी न पाडता माझ्यासमोर ठेवलं आणि आत जाऊन पाय धुतले. रात्री जेवताना आईला म्हणाले, “त्या दिवशी सायकलवरून आले होते गोखिवऱ्याला. उन्हात.” मला म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मला वाटलं, समारंभाच्या दिवशी भेटून पाया पडावं, दोन शब्द बोलावेत, प्रकरण मिटवावं. ते तेवढं सोपं निघालं नाही.

हॉल गच्च भरला होता. विरारहून, नालासोपाऱ्याहून, ठाण्याहून लोक आले होते, आणि त्यातले निम्मे आमच्या सरांना ऐकायला आले होते, हे कोणीही सांगितलं असतं. आधीचे दोघे मुख्याध्यापक वीस-वीस मिनिटं बोलले. कोणी त्यांना अडवलं नाही. त्यांना तोंडी, चपला घालता घालता सांगितलेलं होतं, त्यांनी तेवढंच मनावर घेतलं. मग सर उठले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. शाळेचा पहिला वर्ग कुठे भरत होता, पावसाळ्यात मुलं मिठागराच्या बांधावरून कशी यायची, हे सांगायला लागले. हॉल शांत झाला. एका मुलीची गोष्ट त्यांनी सुरू केली. तिला शाळेत पाठवायला घरचे तयार नव्हते, म्हणून मास्तर तिच्या घरी गेले, दारात तिचा बाप उभा होता, आणि बाप म्हणाला...

सरांनी घड्याळाकडे बघितलं. “माझी पाच मिनिटं झाली,” ते म्हणाले. “सचिवांच्या सूचनेप्रमाणे थांबतो.” हात जोडले आणि बसले.

बाप काय म्हणाला ते हॉलमध्ये कोणालाच कळलं नाही. मागून कोणी तरी म्हणालं, “बोला सर, बोला.” टाळ्या वाजल्या, पुन्हा बोलवायच्या टाळ्या. सर जागेवरून हसले आणि मान हलवली. डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “त्यांना कोणी सांगितलं एवढं कडक?” प्रत त्यांना गेली होती. त्यांनी वाचलीच नव्हती. ज्यांच्या नजरेत मोठं दिसायला मी सरांना मिस्टर केलं, त्यांनी ते उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी मी सरांपाशी गेले. वाकले. त्यांनी पटकन हात धरला. “अहो, कशाला,” ते म्हणाले. “छान केलंत नियोजन.” केलंत. दहा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अहो म्हटलं, तेही इतक्या साधेपणाने की कोणाच्या लक्षातही आलं नाही. मागे रांग होती. मी बाजूला झाले.

पुढचे दोन आठवडे मी पत्र लिहीत होते. मराठीत, कागदावर. ‘तीर्थस्वरूप सर’ लिहिलं की वाटायचं, आता हे कुठल्या तोंडाने. ‘आदरणीय’ लिहिलं तर सभेचं वाटायचं. एकदा नुसतंच ‘सर,’ लिहून सुरू केलं आणि पुढे जाता येईना. कागद फाडून टाकले. शेवटी ठरवलं, जायचं. समोर बसायचं, सांगायचं की चुकलं, आणि म्हणायचं, मला अगं म्हणा. मला बाकी काही नको होतं. एक अगं हवं होतं.

रविवारी सकाळी वसई रोडहून रिक्षा केली. उमेळ्याच्या रस्त्याला निम्म्या वाड्या जाऊन इमारतींचे खांब उभे राहिले होते. सरांची वाडी होती तशी होती. मी पेढ्यांचा पुडा नेला होता. केळीच्या गावाला आणखी काय नेणार. सरांच्या पत्नी विहिरीपाशी होत्या. मला बघून म्हणाल्या, “अगं तू, किती दिवसांनी. ये, ओटीवर आहेत, शिकवतात पोरांना.” त्यांनी अगं म्हटलं. मला वाटलं, निम्मं काम झालं.

ओटीवर सात-आठ मुलंमुली चटईवर बसली होती. काही गावातली, काही नव्या इमारतींतली, दहावी-बारावीची. फुकट शिकवत, रिटायर झाल्यापासून. भिंतीला एक फळा टेकवलेला होता आणि सर पाठमोरे उभे राहून त्यावर इंग्रजी लिहीत होते, आमच्या वेळी मराठी लिहायचे त्याच गोल अक्षरांत.

‘डिअर मिस्टर’, आणि पुढे नावाच्या जागी रेघ. ‘वुई आर प्लीज्ड टु इन्व्हाइट यू.’

माझं पत्र होतं. शब्दन् शब्द. ‘काइंडली स्टिक टु द टाइम’ खाली खडूची रेघ होती.

मी दारात थिजले. सर वळले. “या, या,” ते म्हणाले. मग मुलांकडे बघून म्हणाले, “ज्यांनी हे पत्र लिहिलं त्याच या मॅडम. आपल्याच शाळेच्या. उभे राहा.” सगळी मुलं उभी राहिली. मी आयुष्यात कधी एवढी लहान झाले नाही.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. टोमणा असता तर मी तो आनंदाने घेतला असता, दोन मुस्कटात मारल्या असत्या तरी चाललं असतं. टोमणा नव्हता. मला खुर्ची देत ते म्हणाले, “शेजारच्या एका मुलाला सांगून छापून घेतलं मी तुमचं पत्र. मला तर ही रीत माहीतच नव्हती. आम्ही आपले मायने शिकवत बसलो. या मुलांना उद्या तुमच्यासारख्या कंपन्यांत जायचंय, त्यांना हेच यायला हवं. पाच ओळींत सगळं. किती नेमकं आहे.” खडू माझ्यापुढे धरून म्हणाले, “उतरवताना माझं काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. घरून वाक्य पाठ करून आणलं होतं: सर, चुकलं ते माझं. मुलं वह्या उघडून बघत होती. मी फळा वरपासून खालपर्यंत वाचला, वाचल्याचं नाटक केलं, आणि म्हणाले, “बरोबर आहे.”

पुढे बसलेल्या एका मुलीने हात वर केला. दोन वेण्या, दहावीतली असावी. “सर, मी ‘डिअर सर’ लिहिलंय. चालेल का?”

“मला काय विचारतेस,” सर म्हणाले. “मॅडमना विचार. त्या तिथे काम करतात.”

ती माझ्याकडे बघायला लागली. सरही बघायला लागले, पेन्सिल घेऊन, टिपून घ्यायला. हो म्हणणं किती सोपं होतं. हो बाळा, चालेल. आपल्या सरांना लिहायचं असेल तर तेच लिहायचं. पण त्यात आपली चूक कबूल केल्यासारखं झालं असतं, सात-आठ मुलांसमोर, मॅडम म्हणून उभी केल्यावर.

“नको,” मी म्हणाले. “तिथे हसतात.”

सरांनी मान डोलावली आणि ते कागदावर लिहून घेतलं. मुलीने वहीवर वाकून ‘सर’ हा शब्द खोडला, एकदा, मग नीट दिसू नये म्हणून पुन्हा एकदा. सर तिच्यामागे उभे राहून बघत होते. “स्वच्छ खोड,” ते तिला म्हणाले.